शेवटच्या परिच्छेदातली बातमी वर कशी आणायची : कांदा लिलावाच्या एका बातमीची उलटी मांडणी

नाशिकमधल्या एका दैनिकाच्या डेस्कवर होतो तेव्हाची गोष्ट. पाणीपुरवठ्याच्या आढावा बैठकीची बातमी आली होती, सात परिच्छेदांची. रात्री उशिरा एक जाहिरात वाढली, पानावर जागा कमी पडली आणि मी सवयीने बातमीचे खालचे दोन परिच्छेद उडवले. त्यातल्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की सिडकोच्या काही भागात दुसऱ्या दिवशी पाणी येणार नाही. छापून आलं ते बैठकीला कोण हजर होतं आणि कोणी काय सूचना केल्या, एवढंच. सकाळी मावशीचा फोन आला. ती सिडकोत राहते. तिने पेपर वाचला होता, पण टाकी भरून ठेवली नव्हती.

वार्ताहराने खोटं काही लिहिलं नव्हतं. बैठक जशी घडली तशी त्याने लिहिली होती: आधी स्वागत, मग चर्चा, शेवटी निर्णय. बैठकीत निर्णय शेवटीच होतो, म्हणून घड्याळाच्या क्रमाने लिहिलेल्या बातमीत तो तळाशी जातो आणि कात्री नेमकी तिथेच चालते. हल्ली कात्री नसली तरी वाचक मोबाइलवर दोन-तीन ओळी वाचून पुढे सरकतो. तळाचा मजकूर त्याच्यासाठी कापल्यासारखाच असतो.

अशी बातमी उलट्या पिरॅमिडमध्ये कशी बसवायची, ते एका उदाहरणावरून पायरीपायरीने सांगतो. उलटा पिरॅमिड म्हणजे रुंद बाजू वर: सगळ्यात महत्त्वाचं आधी, मग त्याला आधार देणारं, मग पार्श्वभूमी आणि तळाशी जे गेलं तरी चालेल ते. खालची बातमी मी सरावासाठी रचली आहे. त्यातल्या तारखा, आकडे आणि बैठक काल्पनिक आहेत, घाट मात्र आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांतून येणाऱ्या कॉपीचा, म्हणजे वार्ताहरांच्या मजकुराचाच आहे.

> नाशिक : येथील बाजार समितीच्या सभागृहात शनिवारी (ता. 15) सकाळी अकरा वाजता सभापतींच्या अध्यक्षतेखाली शेतकरी, व्यापारी आणि हमाल-मापारी यांच्या प्रतिनिधींची संयुक्त बैठक झाली. सुरुवातीला सचिवांनी प्रास्ताविक करून उपस्थितांचे स्वागत केले.
>
> हमाली व तोलाईची रक्कम शेतकऱ्यांच्या हिशेबपट्टीतून यापुढे कापणार नाही, अशी भूमिका व्यापाऱ्यांनी घेतली होती. त्याला हमाल-मापारींनी हरकत घेतल्याने गुरुवारपासून (ता. 6) कांदा लिलाव बंद पडले होते.
>
> त्यानंतर शेतकरी प्रतिनिधींनी आपली बाजू मांडली. चाळीतला कांदा सडू लागला आहे, तुमच्या वादात आमचा काय दोष, असा सवाल त्यांनी केला. कपातीचा बोजा शेवटी शेतकऱ्यावरच पडतो, असे व्यापारी प्रतिनिधींनी सांगितले. ही आमच्या मजुरीची रक्कम आहे, ती बुडता कामा नये, असे हमाल-मापारींचे म्हणणे होते. यावेळी काही काळ गोंधळ झाला.
>
> दुपारी जेवणाच्या सुटीनंतर जिल्हा उपनिबंधक बैठकीला आले. त्यांनी तिन्ही बाजूंशी स्वतंत्र चर्चा केली.
>
> अखेर सायंकाळी साडेचार वाजता तोडगा निघाला. कपात एक महिना पूर्वीप्रमाणे सुरू ठेवावी आणि दरम्यान पाच जणांच्या समितीने अहवाल द्यावा, असे ठरले. व्यापारी प्रतिनिधींनी त्याला महिनाभरापुरतीच संमती दिली. त्यानुसार परवा सोमवारपासून सकाळी नऊ वाजता लिलाव सुरू होतील. पहिल्या दिवशी गर्दी टाळण्यासाठी 600 वाहनांचेच लिलाव होणार असून त्यासाठी उद्या सायंकाळी पाचपर्यंत समितीच्या कार्यालयात नाव नोंदवावे लागेल, असे सचिवांनी सांगितले. उपसभापतींनी आभार मानले.

आधी वाचक ठरवा, मग वाक्यं मोडा

पहिली पायरी म्हणजे ही बातमी कोणासाठी आहे ते एका माणसापुरतं ठरवणं. इथे तो माणूस स्पष्ट आहे. चाळीत कांदा भरलेला शेतकरी, ज्याला सोमवारी पहाटे ट्रॅक्टर जोडायचा की नाही हे ठरवायचंय. त्याने पिकअप भाड्याने सांगायचा असेल, गोण्या किंवा ट्रॉली भरायला मजूर बोलवायचे असतील, तर रविवारीच हालचाल करायला हवी. वाचक असा डोळ्यांसमोर आला की महत्त्वाचं काय याचा वाद उरत नाही. वाचक ठरवला नाही, तर सभापती महत्त्वाचे की उपनिबंधक, यातच अर्धा तास जातो.

दुसरी पायरी कागदावर करा, निदान पहिल्या काही वेळा. मूळ बातमी सुटी करा: एका ओळीत एकच तथ्य, जोडशब्दांशिवाय. ‘त्यानंतर’, ‘यावेळी’, ‘दरम्यान’, ‘अखेर’, ‘त्यानुसार’ हे सगळे शब्द काढून टाका. हे शब्द घड्याळाचा क्रम धरून ठेवतात. ते राहिले तर परिच्छेद वर-खाली केल्यावरही बातमी जुन्याच रस्त्याने चालते. वरच्या मजकुरातून साधारण वीस-बावीस सुटी तथ्यं निघतात.

आता प्रत्येक तथ्याला एकच प्रश्न विचारा: हे कळलं नाही तर त्या शेतकऱ्याचं काय बिघडेल? लिलाव सोमवारी नऊला सुरू होणार, हे कळलं नाही तर तो घरीच बसेल. 600 वाहनांची मर्यादा आणि रविवारी पाचपर्यंतची नोंदणी कळली नाही तर तो गाडी भरून येईल, आत घेतलं जाणार नाही, भाडं अंगावर पडेल. कपात महिनाभरच पूर्वीसारखी, हे कळलं नाही तर वाद मिटला असं समजून बसेल. उपनिबंधक जेवणानंतर आले हे कळलं नाही तर काहीच बिघडत नाही. प्रास्ताविकाचं आणि आभाराचंही तसंच.

षट्ककार आपण शिकलेले असतो: काय, कोण, कुठे, कधी, का, कसे. नव्या वार्ताहराला वाटतं की हे सहाही पहिल्या परिच्छेदात कोंबायलाच हवेत, आणि तिथेच इंट्रो जड होतो. या बातमीत ‘काय’ आणि ‘कधी’ यांनाच पहिल्या वाक्यात जागा आहे. ‘का’ म्हणजे कपातीचा वाद. दहा दिवस लिलाव बंद असल्याने तो बहुतेकांना ठाऊक आहे, तो तिसऱ्या परिच्छेदात चालेल. ‘कसे’ म्हणजे तोडगा कसा निघाला, ते आणखी खाली. ‘कोण’चं मात्र दुहेरी आहे. बैठकीला कोण होतं हे खाली जाईल, पण निर्णय कोणी घेतला हे लवकर यायला हवं, नाहीतर बातमी अफवेसारखी वाटते.

मराठी वाक्याची अडचण

उलट्या पिरॅमिडवरचं बरंचसं मार्गदर्शन इंग्रजी वाक्यरचना गृहीत धरून लिहिलेलं असतं. तिथे कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद येतं, त्यामुळे काय झालं ते वाक्याच्या सुरुवातीलाच कळतं. मराठीत क्रियापद शेवटी. म्हणजे बातमी पहिल्या परिच्छेदात आणली तरी ती त्या परिच्छेदाच्याही तळाशी जाऊन बसू शकते. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांकडून असा इंट्रो होतो:

> हमाली-तोलाईच्या कपातीवरून व्यापारी व हमाल-मापारी यांच्यात निर्माण झालेल्या वादामुळे गेल्या दहा दिवसांपासून बंद असलेले कांदा लिलाव शनिवारी बाजार समितीत सभापतींच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संयुक्त बैठकीत सविस्तर चर्चेनंतर निघालेल्या तोडग्यानुसार सोमवारपासून पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेण्यात आला.

वाक्यात चूक नाही असं वाटतं, पण मोठ्याने वाचून बघा. ‘सोमवारपासून’ येईपर्यंत श्वास संपतो. शिवाय ‘कांदा लिलाव’ हा कर्ता मध्येच सोडून ‘निर्णय घेण्यात आला’वर वाक्य संपतं, म्हणजे व्याकरणही घसरलं आहे. लांब इंट्रोत हे नेहमी होतं, कारण लिहिणाऱ्यालाच सुरुवात आठवत नाही.

उपाय साधा आहे. पहिलं वाक्य बारा-पंधरा शब्दांच्या आसपास ठेवा. क्रियापद शेवटी असलं तरी वाक्य लहान असेल तर ते लगेच हाती लागतं. ‘असलेले’, ‘झालेल्या’, ‘निघालेल्या’ अशी विशेषणं एका वाक्यात एकापेक्षा जास्त आली की ती म्हणजे खाली जायची पार्श्वभूमी आहे असं समजा आणि काढून दुसऱ्या परिच्छेदात टाका. ‘निर्णय घेण्यात आला’ही शक्यतो नको. निर्णय झाला ही शनिवारची गोष्ट, लिलाव सुरू होणार ही सोमवारची. वाचकाला सोमवार हवा आहे.

अट तथ्यापासून तोडू नका

परिच्छेद हलवताना सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर थोडं थांबतो. मूळ बातमीत व्यापाऱ्यांनी ‘महिनाभरापुरतीच संमती दिली’ हे वाक्य निर्णयाच्या शेजारी होतं. आपण निर्णय उचलून वर नेला आणि ही अट चौथ्या परिच्छेदात राहिली, की वरची ओळ खोटी ठरायला लागते. त्यावरून मथळा करणारा उपसंपादक लिहितो, ‘हमाली-तोलाईचा वाद मिटला’. वाद मिटलेला नाही, तो महिनाभर पुढे ढकलला आहे.

घड्याळाच्या क्रमात अटी आपोआप आपापल्या जागी असतात. क्रम मोडला की त्या सोबत नेण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. म्हणून सुटी तथ्यं करताना मी जोड्या लावतो. ‘लिलाव सुरू होणार’ याची जोडी ‘पहिल्या दिवशी 600 वाहनं’. ‘कपात पूर्वीप्रमाणे’ याची जोडी ‘एक महिना’. आरोपाची जोडी त्याचं उत्तर. जोडीतलं एक वर गेलं तर दुसरं त्याच परिच्छेदात गेलंच पाहिजे. तिन्ही बाजूंच्या म्हणण्याचंही असंच. शेतकऱ्याचा सवाल जिव्हाळ्याचा आहे म्हणून तो एकटा दुसऱ्या परिच्छेदात नेला आणि व्यापारी, हमाल पाचव्यात ठेवले, तर कापाकापीत ते दोघेही जातील आणि बातमी एकतर्फी होईल. तिघांना एकाच परिच्छेदात ठेवा. राहिले तर तिघेही, गेले तर तिघेही.

नव्याने बांधणी

आता बातमी लिहू. बैठक शनिवारची, छापून येणार रविवारी. मूळ कॉपीत ‘परवा’ आणि ‘उद्या’ हे शब्द शनिवारी बसून लिहिले आहेत. तसेच ठेवले तर रविवारचा वाचक ‘उद्या पाचपर्यंत’ म्हणजे सोमवार समजेल आणि नोंदणी हुकेल. छापील अंकात ‘आज, रविवारी (ता. 16)’ असं वार आणि तारखेसह लिहा. संकेतस्थळावर ‘आज’ही काढा, कारण तिथली बातमी कोण कधी उघडेल सांगता येत नाही.

> नाशिक : दहा दिवसांपासून बंद असलेले कांदा लिलाव सोमवारी (ता. 17) सकाळी नऊ वाजता पुन्हा सुरू होणार आहेत. पहिल्या दिवशी फक्त 600 वाहनांचे लिलाव होतील. त्यासाठी शेतकऱ्यांना आज, रविवारी (ता. 16) सायंकाळी पाचपर्यंत बाजार समितीच्या कार्यालयात नाव नोंदवावे लागेल, असे समितीच्या सचिवांनी सांगितले.
>
> बाजार समितीत शनिवारी झालेल्या शेतकरी, व्यापारी आणि हमाल-मापारी प्रतिनिधींच्या संयुक्त बैठकीत हा तोडगा निघाला. मात्र तो एका महिन्यापुरताच आहे. हमाली-तोलाईची कपात या काळात पूर्वीप्रमाणे सुरू राहील आणि पाच जणांची समिती आपला अहवाल देईल. व्यापारी प्रतिनिधींनी महिनाभरापुरतीच संमती दिली आहे.
>
> ही रक्कम शेतकऱ्यांच्या हिशेबपट्टीतून कापणार नाही, अशी भूमिका व्यापाऱ्यांनी घेतली होती. हमाल-मापारींनी त्याला हरकत घेतल्याने गुरुवारपासून (ता. 6) लिलाव बंद होते.
>
> चाळीतला कांदा सडू लागला आहे, तुमच्या वादात आमचा काय दोष, असा सवाल शेतकरी प्रतिनिधींनी बैठकीत केला. कपातीचा बोजा शेवटी शेतकऱ्यावरच पडतो, असे व्यापारी प्रतिनिधींनी सांगितले. ही आमच्या मजुरीची रक्कम आहे, ती बुडता कामा नये, असे हमाल-मापारींचे म्हणणे होते.
>
> सभापतींच्या अध्यक्षतेखाली सकाळी अकराला सुरू झालेल्या बैठकीत सायंकाळी साडेचारला तोडगा निघाला. चर्चेदरम्यान काही काळ गोंधळ झाला. जिल्हा उपनिबंधकांनी दुपारनंतर तिन्ही बाजूंशी स्वतंत्र चर्चा केली.

मूळच्या आणि नव्या मजकुराच्या लांबीत फार फरक नाही. प्रास्ताविक, स्वागत, जेवणाची सुटी आणि आभार तेवढे गेले. ‘दहा दिवसांपासून’ हा आकडा मूळ कॉपीत नव्हता, तो 6 ते 15 तारीख मोजून काढला आहे. असा काढलेला आकडा दोनदा मोजा. सहा तारीख धरली तर दहा दिवस होतात, नुसती वजाबाकी केली तर नऊ. आणखी एक शंका तुम्हाला येईल: तोडगा महिनाभराचाच आहे, ही अट पहिल्या परिच्छेदात का नाही? पहिल्या परिच्छेदात तोडग्याचा उल्लेखच नाही, फक्त सोमवारचे लिलाव आहेत. तोडगा दुसऱ्यात आला, अटही लगेच पुढच्या वाक्यात आली.

पदांकडे आणि नावांकडेही बघा. मूळ कॉपीत सचिव पहिल्या परिच्छेदात येतात, खरी माहिती ते शेवटी देतात. क्रम बदलल्यावर त्यांचा पहिला उल्लेख ज्या वाक्यात आला तिथे ‘समितीच्या सचिवांनी’ असं पूर्ण पद यायला हवं. खऱ्या बातमीत नाव असतं, ते पूर्ण नाव आणि पद पहिल्या उल्लेखाला, पुढे नुसतं आडनाव. परिच्छेद उचलून ठेवले की हटकून उलटं होतं: वर नुसतं ‘पाटील’ आणि खाली पूर्ण नाव. ‘त्यांनी’, ‘या’, ‘ही रक्कम’ हे शब्दही तपासा. माझ्या तिसऱ्या परिच्छेदातली ‘ही रक्कम’ दुसऱ्यातल्या हमाली-तोलाईवर टेकली आहे. दुसरा परिच्छेद कोणी काढला तर ती लोंबकळेल. कापाकापी वरून होत नाही म्हणून चालतं, पण परिच्छेदांची अदलाबदल केलीत तर तिथे ‘हमाली-तोलाईची रक्कम’ लिहा.

तळहाताची परीक्षा

लिहून झालं की तळहात शेवटच्या परिच्छेदावर ठेवा आणि उरलेली बातमी वाचा. पूर्ण वाटते का? मग तळहात एक परिच्छेद वर सरकवा. वरच्या बातमीत पाचवा झाकला तर बैठकीचं वातावरण जातं, बातमी राहते. चौथा झाकला तर तिन्ही बाजू जातात, बातमी राहते. तिसरा झाकला तर वादाचं कारण जातं, पण कपातीचा उल्लेख दुसऱ्यात आहे. दुसराही झाकला तरी शेतकऱ्याला सोमवारचं कळतं. एखाद्या परिच्छेदावर हात ठेवल्यावर अडखळलात, तर त्यातलं एक तथ्य वर जायचं राहिलं आहे. सगळा परिच्छेद न हलवता तेवढं तथ्य वर न्या.

या परीक्षेत आणखी एक गोष्ट उघडी पडते: मूळ बातमीतली भोकं. घड्याळाच्या क्रमात वर्णनाचा ओघ असल्याने ती दिसत नाहीत. नोंदणी सगळ्यात वर आली की लगेच प्रश्न पडतो, ती फोनवरून चालते का? एका शेतकऱ्याला किती गाड्या? 600 भरल्यावर उरलेल्यांचं मंगळवारी काय? पाच जणांच्या समितीत कोण आहे? कॉपीत याची उत्तरं नाहीत. ‘नोंदणी प्रत्यक्ष येऊनच करावी लागेल’ असं अंदाजाने भरू नका. वार्ताहराला फोन करा आणि त्याला सचिवांना विचारायला सांगा. रात्री नऊच्या आत हा फोन झाला तर उत्तर मिळतं, म्हणून इंट्रो शेवटी नाही, आधी लिहावा. उत्तर नाहीच मिळालं तर मिळालेली माहिती आहे तशी छापा.

सगळ्याच बातम्यांना हा साचा तळापर्यंत लावू नका. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी घ्या. वर आत्ताचा विसर्ग किती क्युसेक, गोदाघाटावर काय स्थिती आहे, कोणी हलायचं आणि कोणते रस्ते बंद, हे आलंच पाहिजे. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं आहे हे नाशिककराला क्युसेकपेक्षा लवकर कळतं, त्यामुळे तेही वर. पण दिवसभरात विसर्ग कसकसा वाढवला ते महत्त्वाच्या क्रमाने लिहायला गेलात तर वाचक गोंधळतो. ते वेळेच्या क्रमानेच, वेगळ्या चौकटीत द्या. अपघातातही तसंच. पहिले दोन-तीन परिच्छेद जखमी, ठिकाण, वाहतूक यांचे, आणि अपघात कसा घडला ते त्याखाली सलग, घडलं तसं.

कांद्याच्या बातमीचं काम रविवारी संपत नाही. सोमवारी लिलाव झाले की वार्ताहर पुन्हा कॉपी पाठवेल आणि ती बहुधा ‘सकाळी नऊ वाजता सभापतींच्या हस्ते लिलावाचा शुभारंभ झाला’ अशी सुरू होईल. तेव्हा किती वाहनं आली, क्विंटलला सरासरी आणि जास्तीत जास्त भाव काय मिळाला, मंगळवारची नोंदणी कधी, हे वर घ्या. रविवारच्या बातमीतला तोडगा एका वाक्यात आवळून तिसऱ्या परिच्छेदात सरकवा, आणि ‘एक महिना’ त्या वाक्यात शिल्लक आहे ना, ते तेवढं बघा.